चौथी बाटली

पुडीकाकांच्या दुकानात काउंटरमागे एक पाटी होती. ‘अँटिबायोटिक म्हणजे चॉकलेट नव्हे. चिठ्ठीशिवाय मागू नये, वाद घालू नये.’ शेवटचे तीन शब्द त्यांनी मागाहून जाड मार्करने लिहिले होते, कारण लोक वाद घालत. पुडीकाका त्या वाद घालणाऱ्यांची वाटच बघत बसायचे. सर्दीला अँटिबायोटिक मागायला आलेला माणूस दहा मिनिटांचं व्याख्यान ऐकून, हातात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा सल्ला घेऊन परत जायचा. औषधं कागदात बांधून द्यायच्या जमान्यापासून ते या गल्लीत दुकान चालवत होते. पुड्या गेल्या, नाव तेवढं राहिलं.

घरातही औषधाचं खातं त्यांच्याकडेच होतं. त्यांची मुलगी शिवणकामाच्या कारखान्यात सुपरवायझर होती. सकाळी सातला निघायची ती संध्याकाळी सहाला घरी. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने फक्त फोनच्या पडद्यावर दिसणारा. त्यामुळे चार वर्षांच्या नातीला, म्हणजे भिंगरीला, सांभाळणं आजोबांकडे होतं. एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ, म्हणून ती भिंगरी. मुलगी हिशेबी, शंकेखोर, कारखान्यात एकेक टाका तपासून घेणारी. पण औषधाच्या बाबतीत तिने बाबांच्या शब्दावर आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती.

भिंगरीला खोकला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. सर्दी झाली, गेली, खोकला राहिला. सकाळी उठल्यावर छातीत खळखळ व्हायची, पळाली की पुन्हा खळखळ. कफ वर यायचा आणि त्या वयाची पोरं करतात तसं ती तो गिळून टाकायची. ताप नाही, खाणं-पिणं ठीक, धिंगाणा तर पूर्ण वेळ. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दम्याचा पंप दिला. महिनाभर ओढून काही फरक पडला नाही. पाच दिवसांचं अँटिबायोटिकही दिलं. तेवढ्यापुरता खोकला कमी झाला आणि आठवड्यात पाहुण्यासारखा परत येऊन बसला. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला की इतर मुलांचे पालक विचारतात. तेव्हा सात आठवडे झाले होते आणि मुलीचा धीर सुटला.

मग मोठ्या इस्पितळात मुलांच्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या वयाने तरुण होत्या, बोलायला तुटक, आणि स्टेथोस्कोप लावायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं विचारत बसल्या. खोकला हळूहळू आला की एकदम ठसका लागून? तोंडात शेंगदाणा, मणी असं काही होतं का? पाणी पिताना ठसका लागतो का? कफात रक्त? कधी न्यूमोनिया झाला होता? घरात कुणाला टीबी? कुणी सिगारेट ओढतं? लसी पूर्ण आहेत? वजन कसं वाढतंय? मग भिंगरीची दोन बोटं घेऊन नखाला नख लावून मध्ये दिसणारी बारकी खिडकी पाहिली.

“खिडकी दिसते. छान,” त्या म्हणाल्या. “छातीच्या जुन्या आजारात नखं फुगतात, मग ती दिसत नाही.”

भिंगरीला हा खेळ वाटला. पुढचे दोन दिवस ती दिसेल त्याच्या नखांतल्या खिडक्या बघत होती.

एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जराशा जाड दिसत होत्या, बाकी छाती स्वच्छ. फुंकून करायच्या तपासणीला भिंगरी लहान होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “चार आठवड्यांच्या वर ओला खोकला, बाकी काळजीचं काही लक्षण नाही. बहुतेक श्वासनलिकांत जंतू ठाण मांडून बसलेत. अशा जंतूंना पाच दिवस पुरत नाहीत. दोन आठवडे औषध देऊ. पूर्ण सुकला, तर निदान बरोबर.”

त्यांनी एक छापील कागद दिला. रोजच्या तारखेपुढे दोन रकाने. एकात खोकल्याचे गुण, शून्य म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे दिवसभर जीव नकोसा. दुसऱ्यात सकाळ-संध्याकाळच्या डोसची बरोबरची खूण.

“हे काम माझं,” पुडीकाका कागद हातात घेत म्हणाले. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “औषधाचं दुकान आहे माझं,” त्यांनी जरा छाती पुढे काढून खुलासा केला.

औषध पावडरच्या रूपात येतं. बाटलीत बाणापर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. एकदा पाणी पडलं की ते सातच दिवस टिकतं. म्हणून सत्तर मिलीची एक बाटली म्हणजे पाच-पाच मिलीचा बरोबर एक आठवडा. पुडीकाका बाटलीवर तारीख लिहून चिकटपट्टी लावायचे आणि भिंगरी बाटली हलवायची. हलवण्यात तिच्या तोडीचं घरात कुणी नव्हतं.

दोन बाटल्या संपल्या. खोकला चारावरून एकावर आला, पण सकाळची खळखळ थोडी उरली होती. डॉक्टरबाईंनी छाती ऐकली आणि आणखी दोन आठवडे लिहून दिले.

“अजून दोन?” पुडीकाका म्हणाले. “म्हणजे एकूण चार?”

“हो. सुधारणा आहे, पण पूर्ण नाही. चार आठवड्यांनी पण ओलाच राहिला, तर मात्र आत काय आहे ते बघावं लागेल.”

पुडीकाकांना हे पटलं नाही. त्यांच्या हिशेबात अँटिबायोटिक म्हणजे पाच दिवस, फार तर सात. चार आठवडे म्हणजे त्यांच्या पाटीची जाहीर चेष्टाच. तरी तिसरी बाटली त्यांनी दिली. सतराव्या दिवशी खोकला थांबला. अठराव्या, एकोणिसाव्या दिवशीही आला नाही. त्यांनी शून्य, शून्य, शून्य असे टपोरे आकडे काढले. पण भिंगरीला जुलाब होऊ लागले, ढुंगण लाल झालं, धुताना ती किंचाळायची. एकविसाव्या दिवशी तिसरी बाटली संपली. चौथी काकांच्या हातात होती, पाणीही गार करून ठेवलेलं होतं.

खोकला पाच दिवस शून्य आहे. पोरीचे हाल होतायत. या नवीन डॉक्टरांना हात आखडता घेणं माहीतच नाही. त्यांनी पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि बाटली दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

इथपर्यंत समजण्यासारखं आहे. जुलाब होतायत म्हणून डॉक्टरला फोन करून विचारलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण फोन करणं म्हणजे विचारणं, आणि गल्लीभर लोक ज्यांना विचारतात त्यांना कुणाला विचारायची सवय नसते. मुलीलाही ते बोलले नाहीत. आणि कागदावर रिकामी घरं वाईट दिसतील म्हणून बाविसाव्या दिवसापासून रोज दोन खुणा करत गेले. खोकल्याचे गुण मात्र खरेच लिहिले. आकडा खोटा लिहिणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि खूण म्हणजे काही आकडा नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

“आजोबा, हलवायचं नाही?” भिंगरीने विचारलं.

“औषधाला सुट्टी आहे.”

“मग खूण कशाला करता?”

“तू जा बघू, गाडी खेळ.”

पंचविसाव्या दिवसापर्यंत शून्य होतं. सव्विसाव्या दिवशी सकाळी बाथरूममधून खळखळ ऐकू आली. बालवाडीत सर्दी फिरत होती, त्यातलंच काहीतरी असेल. त्यांनी दोन लिहिलं. सत्ताविसाव्या दिवशी दोन, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन. चौथी बाटली आता काढावी असं दोनदा मनात आलं. पण काढली तर मुलगी विचारणार, ही कुठून आली. बाटली ड्रॉवरमध्येच राहिली.

एकोणतिसाव्या दिवशी इस्पितळात जाताना त्यांनी ती पिशवीत का टाकली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरबाईंनी छाती ऐकली. मग कागद समोर ठेवून पेनाचं टोक एकेक तारखेवरून खाली नेलं. एका जागी पेन थांबलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं.

“सतरापासून पंचवीसपर्यंत अजिबात खोकला नाही?”

“नाही,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं, संपलं एकदाचं.”

“आणि सव्वीसपासून परत. औषध चालू असताना.” त्यांनी पुडीकाकांकडे पाहिलं. “डोस सगळे गेलेत?”

“कागदावर आहे की,” पुडीकाका म्हणाले. उत्तर म्हटलं तर होतं आणि म्हटलं तर नव्हतं.

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. “हे मला आवडलं नाही. औषध बंद झाल्यावर खोकला परत आला तर एक गोष्ट. औषध पोटात असताना परत येतो, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाहीत, किंवा आत दुसरंच काही आहे. एखादी नळी मऊ पडून मिटत असेल, काही अडकलेलं असेल, नळ्या कायमच्या रुंदावायला लागल्या असतील. चार आठवडे झाले. आता अंदाजाने औषध नको. दुर्बिणीने बघू. भूल द्यावी लागेल. आत थोडं सलाईन सोडून परत ओढून घेऊ आणि कुठले जंतू वाढतात ते पाहू. बरोबर सीटी स्कॅन, काही रक्ताच्या तपासण्या.”

“भूल?” मुलगी म्हणाली. “पूर्ण?”

“पूर्ण. आम्ही नेहमी करतो, भूल देणारे डॉक्टर लहान मुलांचेच आहेत. पण धोका अगदी शून्य, असं मी कधीच म्हणत नाही.”

त्यांनी संमतीपत्र पुढे सरकवलं. भिंगरी जमिनीवर बसून स्वतःच्या नखांतली खिडकी बघत होती. मुलीने पेन घेतलं. कारखान्यात ती न वाचता कशावर सही करत नसे, पण आता तिला अक्षरं दिसत नव्हती. ती नुसती विचारत होती, “कुठे करायची?”

कागदावर खोटं काय आणि खरं काय, हे या खोलीत फक्त पुडीकाकांना माहीत होतं. खरे आकडे आणि खोट्या खुणा शेजारी शेजारी बसल्यामुळेच तो कागद इतका भयंकर दिसत होता. आकडेही खोटे लिहिले असते तर कुणाला इतका प्रश्न पडला नसता. बोललं नाही तर पोर बेशुद्ध होऊन टेबलावर जाणार. बोललं तर मुलगी. तिच्यासमोर त्यांना आयुष्यात कधी मान खाली घालावी लागली नव्हती. असल्या माणसाला लाज वाटते ती जरा मागून आल्यावर वाटते, पण वाटते तेव्हा सगळ्या अंगाला वाटते.

“सही करू नकोस,” ते म्हणाले.

“बाबा, मला पण भीती वाटतेय, पण आता–”

“तसं नाही.” त्यांनी पिशवीत हात घातला आणि बाटली टेबलावर ठेवली. सील तसंच होतं. आत पांढरी पावडर, कोरडी ठणठणीत. “ही चौथी. बाविसाव्या दिवसापासून मी दिलंच नाही. खुणा नुसत्या केल्या.”

भिंगरी उठून आली, तिने बाटली उचलली आणि सवयीने हलवली. आतून वाळूसारखी सरसर झाली.

“आजोबा, यात पाणी घाला ना,” ती म्हणाली.

मुलीने पेन खाली ठेवलं. “म्हणजे सात दिवस,” ती म्हणाली. “सात दिवस मी कामावरून आले की विचारायची, औषध झालं? आणि तुम्ही हो म्हणायचात.”

“तिला जुलाब होत होते. खोकला थांबला होता. मला वाटलं–”

“मला सांगायचं होतं तुम्ही! मी काय नाही म्हटलं असतं? तुम्ही म्हणाल ते ऐकत आले आजवर.” तिचा आवाज चिरकला. “तिला बेशुद्ध करायला निघाले होते मी. सही करत होते.”

पुडीकाकांनी भिंगरीच्या हातातली बाटली काढून परत टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी रागावल्याचं दाखवलं नाही, त्याचाच काकांना जास्त त्रास झाला. त्यांनी कागद पुन्हा ओढून घेतला, बावीस ते अठ्ठावीसच्या खुणांवर सरळ एक आडवी रेघ मारली आणि मग आकडे परत वाचले.

“हे गुण तरी खरे आहेत का?”

“ते अगदी खरे आहेत.”

“सतराला थांबला. एकवीसला औषध बंद. सव्वीसला परत सुरू.” त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. “मग हे वेगळंच चित्र आहे. औषध लागू पडलं होतं. पूर्ण कोरडा झाला होता, म्हणजे आपलं निदान बहुतेक बरोबरच आहे. हा औषधाखाली आलेला खोकला नाही, थांबवल्यावर उलटलेला आहे. दुर्बीण आज नको.”

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला.

“मी थांबवलं म्हणूनच उलटला का?” पुडीकाकांनी विचारलं. हे विचारल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठवलं नसतं.

“ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. चार आठवडे पूर्ण दिले तरी काही मुलांचा उलटतो, आणि दोन आठवड्यांत बरीच मुलं बरी होतात. तपासून पाहिलंय लोकांनी. महिन्याअखेरीस कोरडी झालेली मुलं, दोन आठवडेवाली काय नि चार आठवडेवाली काय, साधारण सारखीच निघाली. फक्त चार आठवडेवाल्यांना पुढचा खोकला जरा उशिरा आला. शिवाय बालवाडीत सर्दी आहेच.” त्या थांबल्या. “तुमचं मत अगदीच चुकीचं नव्हतं, आजोबा. जास्त दिवस अँटिबायोटिक देणं मलाही आवडत नाही. फोन केला असतात तर जुलाबांवर उपाय सांगितला असता, कदाचित थांबवायचं असंही दोघांनी मिळून ठरवलं असतं. मग मी कागदावर ‘बंद’ लिहिलं असतं आणि आज मला कळलं असतं की मी काय बघतेय. खोट्या खुणांनी मला चुकीच्या रस्त्यावर नेलं. अजून दहा मिनिटं गेली असती तर हिची तारीख ठरली असती.”

त्यांनी नवीन कागद काढला. तेच औषध, पुन्हा पहिल्यापासून, दोन आठवडे पूर्ण. जुलाब लागले तर पाणी भरपूर, ढुंगणाला मलम, आणि पाण्यासारखे होऊ लागले किंवा रक्त दिसलं तर लगेच फोन. चौदाव्या दिवशी कोरडा असेल तर थांबायचं. त्यानंतर चार आठवडे फक्त खोकला लिहायचा. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा असं झालं तर मात्र दुर्बीण आणि सीटी टळणार नाही, कारण वारंवार असं होत राहिलं तर नळ्यांना कायमचं नुकसान होऊ शकतं.

कागद द्यायला त्यांचा हात पुढे झाला. पुडीकाकांचा हात अर्ध्यावर उठला. मुलीने कागद घेतला.

“खुणा मी करणार,” ती म्हणाली.

पुढचे चौदा दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. मुलगी सहाला उठून स्वतः पाच मिली मोजायची, भिंगरीच्या तोंडात घालायची, खूण करायची आणि मग कारखान्यात जायची. संध्याकाळी येऊन चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडायची. पाणी उकळून गार करायचं काम तेवढं काकांकडे उरलं होतं. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की बाणाच्या रेषेला डोळा लावून ते खाली वाकून बसायचे. दुकानात एकाने विचारलं, “काका, सात दिवसांचं दिलंय, पोराला चार दिवसांत बरं वाटतंय, बंद करू का?” पाटीखाली उभ्या माणसाला द्यायचं त्यांचं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. “ज्यांनी लिहून दिलं त्यांना फोन लावा,” ते म्हणाले आणि स्वतःचा फोन काउंटरवर ठेवला.

अकराव्या दिवशी खोकला थांबला. पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी भिंगरीला मुद्दाम खोकायला सांगितलं. भिंगरीने डोळे मिटून, गाल फुगवून नाटकी खोकून दाखवलं. आवाज कोरडा, रिकामा होता. डॉक्टरबाईंनी छाती पुढून मागून ऐकली, दोनदा ऐकली.

“स्वच्छ. औषध बंद करा. आता महिनाभर फक्त लक्ष ठेवायचं.”

दोन्ही रकान्यांचा तोच छापील कागद त्यांनी पुन्हा दिला. बाहेर बाकावर बसून मुलीने तो बघितला, घडी घातली, उलगडली. भिंगरी व्हरांड्याच्या टोकापर्यंत पळून परत येत होती, आणि दोघंही तिच्याकडे न बघता तिचा श्वास ऐकत होते. खळखळ नव्हती.

“दिवसभर मी नसते,” मुलगी म्हणाली. “ती पळते तेव्हा तुम्हीच असता. खोकला तुम्हालाच ऐकू येणार.”

तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. पुडीकाकांनी खिशातून पेन काढलं. आजची तारीख, खोकला, शून्य. शेजारच्या औषधाच्या रकान्यावर हात थांबला. तो रिकामा ठेवला तरी चालणार होतं, डॉक्टरबाईंनी तसंच सांगितलं होतं.

त्यांनी त्यात नीट, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: दिलं नाही.

मग कागद मुलीकडे सरकवला. तिने ते वाचलं, तारखेवरून बोट फिरवून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “चला बाबा.” दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्यांना बाबा म्हणाली होती.